‘मिळतात’, ‘मिळाले’ आणि ‘मिळू शकतात’

माझे बाबा ५८ व्या वर्षी सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ३० लाख रुपये २० जूनला खात्यात आले. ओळखीतले एक गुंतवणूक सल्लागार घरी येऊन ५२ मिनिटं बोलले. त्यांना विचारूनच मी ते फोनवर रेकॉर्ड केलं. आई-बाबांसाठी आणि पुण्याच्या भावासाठी मला त्याचा दोन पानी सारांश करायचा आहे: धोके काय, खर्च किती, आणि आपलं काय विचारायचं राहिलं. पहिला प्रयत्न वाचून भाऊ म्हणाला, “हे तर त्यांचं माहितीपत्रकच झालं.” लिहून काढलेलं सगळं बोलणं आणि माझा सारांश सोबत पाठवते. माझं कुठे चुकतंय?
— एक वाचक, सांगली जिल्हा

तुमचा सारांश आणि मूळ बोलणं शेजारी शेजारी ठेवून दोनदा वाचलं. आकडा तुम्ही एकही चुकवलेला नाही. हरवली आहेत ती क्रियापदं.

तेविसाव्या मिनिटाला सल्लागार म्हणतात, “काका, गेल्या काही वर्षांत अशा फंडांत दहा-बारा टक्के मिळालेत, मार्केटनं साथ दिली तर पुढंही मिळू शकतात.” तुमच्या सारांशात याचं झालंय ‘परतावा १०–१२%’. त्यांनी एक भूतकाळ सांगितला, एक अट घातली आणि एक शक्यता बोलून दाखवली. तुम्ही या तिन्हींचा मिळून एक आकडा केला. बाबा तुमचा कागद वाचतील तेव्हा त्यांना तो आकडा बँकेच्या व्याजासारखाच दिसणार.

ही चूक माझ्या घरात महागात पडली आहे, म्हणून जरा पोटतिडकीनं लिहितो. २००७ च्या दिवाळीत माझ्या आईला एका एजंटनं शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी समजावली. मी शेजारी बसून वहीत टिपणं घेत होतो. ‘पाच वर्षांत दुप्पट’ असं मी लिहिलं आणि त्याच्या जोरावर आईनं सही केली. तो माणूस ‘बाजार असाच राहिला तर’ असंही म्हणाला होता, हे मला नंतर आठवलं. जानेवारी २००८ पासून बाजार कोसळला. पण ‘तर’ माझ्या वहीत नव्हताच, त्यामुळे आईला आधी कळायला काही वावच नव्हता.

म्हणून रेकॉर्डिंग पुन्हा एकदा ऐका, आणि या वेळी सारांश करायला घेऊ नका. ज्या वाक्यात आकडा आहे, किंवा ‘तर’, ‘पण’, ‘साधारण’, ‘शक्यतो’, ‘सहसा’ यांपैकी काही आहे, ते वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि पुढे मिनिट लिहा. बाकीचं सोडून द्या. पन्नास मिनिटांच्या बोलण्यातून अशी तीस-चाळीस वाक्यं निघतात. आकड्यांना कान नीट द्या. ‘पावणेदोन’ आणि ‘दोन’, ‘दीड’ आणि ‘अडीच’ यांत फोनच्या रेकॉर्डिंगवर हमखास गफलत होते. टक्के ऐकले की ते कशाचे आणि किती काळाचे, हेही लिहा. वर्षाला एक टक्का कापला जाणं आणि पैसे काढताना एकदाच एक टक्का कापला जाणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि दोन पेनं घ्या. काळ्या पेनानं फक्त सल्लागार जे बोलले ते. तुम्ही नंतर पोस्टात विचारून, फंडाच्या संकेतस्थळावर पाहून किंवा माझ्याकडून जे कळलं ते निळ्यानं. आता तुमच्या कागदावर त्यांचं बोलणं आणि भावानं फोनवर सांगितलेलं एकात एक मिसळलंय. उद्या त्यांना काही विचारायला गेलात तर “मी असं म्हणालोच नव्हतो” हे उत्तर येईल, आणि ते खरंही असेल.

आता धोके. तुम्ही बचत योजना, फंड आणि पॉलिसी या तिन्ही पर्यायांपुढे ‘कमी’, ‘मध्यम’, ‘नाही’ असे शब्द लिहिलेत. हे शब्द वाचून बाबांना काहीच ठरवता येणार नाही. म्युच्युअल फंडाच्या कागदांवर बाजार नियामक सेबीच्या नियमानं जोखमीची सहा पायऱ्यांची तबकडी छापलेली असते. तुमच्या फंडाचा काटा कुठे आहे तो जरूर नोंदवा, पण तिथे थांबू नका. धोका म्हणजे काय घडलं तर, केव्हा, आणि बाबांचे किती रुपये.

सल्लागारांची योजना तुमच्याच टिपणांवरून अशी दिसते: १५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, १० लाख बॅलन्स्ड अॅडव्हान्टेज फंडात आणि त्यातून दरमहा ७,००० काढायचे, ५ लाख बँकेत मुदत ठेव, शिवाय वर्षाला १ लाख हप्त्याची एक हमी उत्पन्नाची विमा पॉलिसी. तुमच्या कागदावर दरमहा ७,००० समोर ‘उत्पन्न’ लिहिलंय. सल्लागारही तोच शब्द वापरतात. पण असे दरमहा पैसे काढणं, म्हणजे एसडब्ल्यूपी, हे दर महिन्याला फंडातली आपलीच थोडी युनिटं विकणं आहे. फंड वाढला तर वाढीतून पैसे निघतात, नाही वाढला तर मुद्दलातून. बँक पासबुकात दोन्ही वेळा सात हजारच दिसतात, म्हणून फरक कळत नाही.

तो फरक रुपयांत असा मांडा. वर्षाचे ८४,००० म्हणजे १० लाखांवर ८.४ टक्के झाले. समजा पहिल्याच वर्षी फंड २० टक्के उतरला. हे माझं गृहीतक आहे, भाकीत नव्हे. फक्त लक्षात ठेवा की २०२० च्या जानेवारीच्या मध्यापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता, आणि या प्रकारच्या फंडात सगळा पैसा शेअरमध्ये नसतो म्हणून मी कमी धरलं. वर्षाअखेरीला उरतील सुमारे सव्वासात लाख. आता तेच ८४,००० काढायचे तर ते उरलेल्या रकमेच्या साडेअकरा टक्क्यांहून जास्त भरतात. म्हणजे नुसतं तिथल्या तिथं राहायलासुद्धा फंडाला दरवर्षी तेवढं कमवावं लागेल. पडझड दहाव्या वर्षी झाली तर इतकं बिघडत नाही, पहिल्या-दुसऱ्या वर्षी झाली तर खड्डा भरून निघणं अवघड. हा धोका रेकॉर्डिंगमध्ये एकदाही आलेला नाही. काळ्या पेनानं ‘बोलणं झालं नाही’ लिहा आणि हिशोब निळ्यानं.

‘बोलणं झालं नाही’ हे तीन शब्द तुमच्या सारांशात एकदाही नाहीत. ते हवेतच. जे सांगितलं गेलं नाही त्याचीही नोंद झाली, की मगच त्या कागदाला सल्लागारांच्या बोलण्याबाहेरचं काही दिसू लागतं.

खर्चाच्या भागात तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: ‘फी शून्य’. सहाव्या मिनिटाला ते म्हणालेत, “तुमच्याकडून मी एक रुपया घेत नाही.” हे खरंच असेल. पण मग त्यांचं घर कशावर चालतं, हे कुणी विचारलं नाही. सेबीकडे नोंदवलेला गुंतवणूक सल्लागार ग्राहकाकडून फी घेतो. त्याचा नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो. म्युच्युअल फंड वितरकाकडे एआरएन क्रमांक असतो आणि त्याला कमिशन फंड कंपनी देते. विमा एजंटला विमा कंपनी देते. कमिशन घेणं यात गैर काही नाही, कित्येक वितरक अनेक वर्षं घरच्यासारखी सेवा देतात. पण तीन पर्यायांपैकी कोणत्या पर्यायातून त्यांना काहीच मिळत नाही आणि कोणत्यातून सगळ्यात जास्त मिळतं, हे माहीत असताना बाबा त्यांचं बोलणं वेगळ्या कानानं ऐकतील. त्यांच्या कार्डावर कोणता क्रमांक आहे तो सारांशाच्या अगदी वर लिहा.

फंडाचा खर्च दिसत नाही, कारण त्याचं बिल कधी येत नाही. तो रोज थोडा थोडा कापून मगच एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जाहीर होते. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे दोन प्रकार असतात: वितरकामार्फत घ्यायचा रेग्युलर आणि थेट फंडाकडून घ्यायचा डायरेक्ट. दोन्हींचं खर्चाचं प्रमाण फंडाच्या संकेतस्थळावर असतं. ते पाहा, वजाबाकी करा आणि रुपयांत लिहा. फरक एक टक्क्याचा निघाला तर १० लाखांवर तो वर्षाला १०,००० रुपये. मी डायरेक्टच घ्या असं म्हणत नाही. पडझडीच्या काळात फोन उचलणारा आणि “आत्ता विकू नका” सांगणारा माणूस दहा हजारांना स्वस्त ठरू शकतो. फक्त त्याची किंमत दहा हजार आहे हे घरात माहीत असावं. रेग्युलर घेतलात तर वितरकाला नक्की किती कमिशन गेलं, हे पुढे सहामाही एकत्रित खातेउताऱ्यात रुपयांत छापून येतं.

एकतिसाव्या मिनिटाला ते म्हणतात, “वर्षाच्या आत काढलं तर एक टक्का लागतो, पण आपल्याला कुठं काढायचंय.” आणि चौतिसाव्या मिनिटाला, “पुढच्या महिन्यापासून सात हजार सुरू.” म्हणजे आपल्याला काढायचंयच. बऱ्याच योजनांत पहिल्या वर्षी ठरावीक प्रमाणात युनिटं लोडशिवाय, म्हणजे तो एक टक्का न कापता, काढू देतात, या योजनेत तसं आहे का ते विचारायला हवं. रक्कम मोठी नाही. पण अशी दोन वाक्यं तीन मिनिटांच्या अंतरानं येतात तेव्हा ऐकणाऱ्याला खटकत नाहीत, कागदावर एकाखाली एक आली की लगेच खटकतात. मिनिटं लिहून ठेवायची ती यासाठीच.

पॉलिसीचा भाग सगळ्यात काळजीनं लिहा. अडतिसाव्या मिनिटाचं वाक्य तुम्ही बरोबर उतरवलंय: वर्षाला १ लाख असे सात वर्षं भरायचे, मग एक वर्षाच्या विश्रांतीनंतर दहा वर्षं १ लाख २० हजार मिळणार, “म्हणजे सात लाखांवर वर्षाला सतरा टक्के गॅरंटीड”. भागाकार बरोबर आहे, पण सतरा टक्के हा परतावा नव्हे. त्या १ लाख २० हजारांत आपलेच भरलेले पैसे परत येतायत, आणि तेही आठ वर्षं थांबल्यावर. खरा वार्षिक दर काढायला एक्सेलमध्ये पहिल्या सात चौकटींत उणे एक लाख, आठवीत शून्य आणि पुढच्या दहांत एक लाख वीस हजार भरा, मग खाली लिहा:

```
=IRR(A1:A18)
```

उत्तर सहा टक्क्यांच्या किंचित खाली येतं. सारांशात दोन्ही लिहा: काळ्यानं ‘सतरा टक्के गॅरंटीड असं म्हणाले’, निळ्यानं ‘पैसे भरण्या-मिळण्याच्या तारखा धरून सुमारे सहा टक्के’. शेवटचा हप्ता मिळेल तेव्हा बाबा पंचाहत्तरीत असतील, हेही. आणि तिसऱ्या वर्षी हप्ता भरता आला नाही तर हातात किती येईल, यावर पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये अवाक्षर नाही. या पर्यायातला मोठा धोका तोच आहे. ती रक्कम कंपनीनं दिलेल्या लाभाच्या तक्त्यात वर्षानुसार असते, तो तक्ता मागवा.

बचत योजनेला तुम्ही ‘धोका नाही, कधीही काढता येतात’ लिहिलंय. सरकारी योजना आहे, मुद्दल बुडण्याची भीती नाही, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं तसाच राहतो. इथे सल्लागार पूर्ण बरोबर आहेत. त्यांनी सांगितलेल्या ८.२ टक्क्यांनी १५ लाखांवर वर्षाचे १,२३,००० होतात. कधीही काढता येतात हेही बरोबर, पण पहिल्या वर्षात काढले तर दिलेलं व्याज परत घेतात, एक ते दोन वर्षांत काढले तर मुद्दलातून दीड टक्का म्हणजे २२,५०० कापतात, आणि दोन वर्षांनंतर एक टक्का, १५,०००. व्याज करपात्र आहे. कराबद्दल ५२ मिनिटांत एक शब्द नाही, त्याचीही नोंद करा.

प्रश्नांच्या यादीत तुम्ही फक्त तुमच्या मनातले प्रश्न लिहिलेत. त्याआधी रेकॉर्डिंगमध्ये विचारून झालेले, पण उत्तर न मिळालेले शोधा. पंचेचाळिसाव्या मिनिटाला बाबा विचारतात, “हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करावं लागलं तर?” उत्तर येतं, “काका, काळजीच करू नका, पैसे कुठंच अडकत नाहीत.” बाबा गप्प बसले, तुम्हीही तो प्रश्न सुटला असं धरलंत. हा दिलासा झाला, उत्तर झालं नाही. उत्तर म्हणजे: पुढच्या मार्चमध्ये तीन लाख लागले तर कोणत्या खात्यातून, किती दिवसांत, किती कापून. हा प्रश्न यादीत पहिला लिहा, बाबांच्याच शब्दांत.

फंडाचा भाग मी लिहिला असता तर साधारण असा:

“सल्लागार म्हणाले: मागच्या काही वर्षांत १०–१२% मिळाले, बाजारानं साथ दिली तर पुढे मिळू शकतात (मि. २३). कोणती वर्षं, ते सांगितलं नाही. धोका: दरमहाचे ७,००० हे व्याज नाही, फंड उतरला तर मुद्दलातून जातात. पहिल्या वर्षी २०% उतरला तर १० लाखांचे सुमारे सव्वासात लाख. खर्च: वर्षाच्या आत काढल्यास १% (मि. ३१), वार्षिक खर्चाबद्दल बोलणं झालं नाही. विचारायचं: पहिल्या वर्षीच्या मासिक रकमेवर लोड लागेल का? फंड उतरला तर सात हजार कमी करायचे का, आणि ते कोण सांगणार?”

एवढंच. विशेषणं नकोत, ‘चांगला पर्याय’ वगैरे तर नकोच.

तिन्ही भाग असे लिहून झाले की पैसा एका भागातून दुसऱ्यात कसा जातो ते एकदा पाहा, कारण माझ्या मते तुमच्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे. सल्लागार शेवटी म्हणतात, “महिन्याला सतरा हजार घरी येतील, काकू.” बचत योजनेचे १,२३,००० आणि फंडातून ८४,०००, मिळून वर्षाचे २,०७,०००. महिन्याचे सतरा हजारांवर, हिशोब चोख. पण ३० लाख तर तीन ठिकाणी वाटून संपले. मग पॉलिसीचा १ लाखाचा हप्ता सात वर्षं कुठून भरायचा? सत्ताविसाव्या मिनिटाला ओझरतं वाक्य आहे: “हप्ता आपण पोस्टाच्या व्याजातून वळवू.” म्हणजे घरात उरले वर्षाचे १,०७,०००, महिन्याला नऊ हजारही नाहीत. आईनं सतरा हजार ऐकले आहेत. सात वर्षं ती त्याच आकड्यावर घर चालवायचा विचार करत असणार. त्यांनी मुद्दाम लपवलं असं मी म्हणणार नाही. तीन योजना वेगवेगळ्या समजावताना माणसाच्या हातून हे सहज होतं. पण तुमच्या दोन पानांच्या सुरुवातीलाच हा हिशोब हवा.

प्रश्न फोनवर विचारू नका. सहा-सात प्रश्न व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि उत्तरं लेखी मागा. आलेलं उत्तर तारखेसह प्रश्नाखाली चिकटवा. चांगला सल्लागार याचा राग धरत नाही, त्यालाही पुढे गैरसमज नको असतो. पॉलिसीची सही मात्र उत्तरं येईपर्यंत थांबवा. चुकून आधीच झाली असेल तर पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. बाबा ५८ वर्षांचे आहेत. साठीच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं निवृत्तीच्या पैशातूनच उघडता येतं, आणि ते पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत. पैसे २० जूनला आले, म्हणजे २० सप्टेंबरच्या आत. रेकॉर्डिंगमध्ये ही मुदत कुठेच नाही. कारखान्याकडून निवृत्तीचा दाखला आणि रक्कम कधी, किती दिली याचं पत्र आजच मागवा, आणि उद्या पोस्टात जाऊन अजून कोणते कागद लागतात ते विचारून या.